क्रिएटिनचा एकच डबा सगळ्यांना नको: क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

जलतरण आणि रोइंगच्या सराव शिबिरांसाठी पूरक आहाराची यादी तयार होते तेव्हा त्यात क्रिएटिनचं नाव येतंच. ते यायला आमची हरकत नाही. क्रिएटिन मोनोहायड्रेट स्वस्त आहे, जागतिक उत्तेजकविरोधी संस्था वाडाच्या बंदी यादीत नाही आणि त्याच्यावर भरपूर अभ्यास झाला आहे. हरकत आहे ती ‘प्रति खेळाडू एक डबा’ या हिशोबाला. पन्नास मीटर पोहणाऱ्या मुलीला आणि पंधराशे मीटर पोहणाऱ्या मुलाला तीच पावडर सारखी देणं म्हणजे दोघांपैकी एकाचं नुकसान करणं आहे.

स्नायूला एकदम जोर लावायचा असतो तेव्हा तो फॉस्फोक्रिएटिनचा, म्हणजे झटपट शक्तीचा साठा वापरतो. पूर्ण ताकदीने हा साठा जेमतेम दहा सेकंद पुरतो. थांबलं की तो पुन्हा भरू लागतो. अर्ध्या मिनिटात साधारण निम्मा भरतो, पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात. बाहेरून क्रिएटिन घेतलं की टाकी थोडी मोठी होते आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या विश्रांतीत जास्त भरते. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

पन्नास मीटरची एकच शर्यत घ्या. बावीस ते अठ्ठावीस सेकंदांचा खेळ, म्हणजे क्रिएटिनचा हक्काचा प्रांत वाटावा. पण १९९६ पासून उत्तम जलतरणपटूंवर झालेल्या प्रयोगांत २५, ५० आणि १०० मीटरच्या एकेका फेरीत ठळक फरक दिसलेला नाही. डाइव्ह, पाण्याखालचे किक आणि पाण्याचा अवरोध यांचा वाटा तिथे फार मोठा असतो. शिवाय क्रिएटिन स्नायूत पाणी ओढतं आणि पहिल्या आठवड्यातच वजन अर्धा ते दीड किलो वाढू शकतं. हे वजन पोहणाऱ्याला पाण्यातून ओढत न्यावं लागतं.

मग स्प्रिंटरला ते द्यायचं कशाला? सरावासाठी. मुख्य सेट ८ × ५० मीटरचा आहे आणि प्रत्येक फेरी दीड मिनिटाने सुटते असं धरा. एखादी मुलगी पहिली फेरी २९.० सेकंदांत मारते आणि आठवी ३१.४ मध्ये. घसरण २.४ सेकंदांची. क्रिएटिनचा लाभ झाला तर पहिली फेरी बहुधा २९.० च्या आसपासच राहील, पण आठवी ३०.७ वर येईल. (आकडे समजावण्यापुरते आहेत.) शेवटच्या तीन-चार फेऱ्या शर्यतीच्या वेगाजवळ झाल्या, असे आठवडे एकावर एक साचले, की त्याचा फायदा शर्यतीत दिसतो. म्हणून प्रशिक्षकाने पहिल्या फेरीची नव्हे, पहिल्या आणि शेवटच्या फेरीतल्या फरकाची नोंद ठेवावी. दोन आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर तोच सेट, तेवढीच विश्रांती. फरक कमी झाला नाही आणि वजन मात्र वाढलं, तर त्या खेळाडूचं क्रिएटिन बंद करावं. काहींच्या स्नायूत साठा मुळातच भरलेला असतो, त्यांना लाभ होत नाही. उलट शाकाहारी खेळाडूंचा साठा कमी असतो, त्यामुळे त्यांना फरक जास्त जाणवतो. आपल्या शिबिरांत शाकाहारी मुलं कमी नाहीत, हे लक्षात घ्यावं.

लॉस एंजेलिस २०२८ मध्ये बॅकस्ट्रोक, ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायच्या ५० मीटर शर्यतीही आल्या आहेत, त्यामुळे स्प्रिंटच्या सरावाकडे ओढा वाढेल. ८०० आणि १५०० मीटरवाल्यांचं गणित मात्र वेगळं. त्यांची जवळजवळ सगळी शक्ती ऑक्सिजनवर चालते, विश्रांती अशी नसतेच आणि वाढलेला किलो मात्र शेवटच्या भिंतीपर्यंत सोबत येतो. त्यांना क्रिएटिन देऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आधी घेतलं असेल तर मुख्य स्पर्धेच्या सहा आठवडे आधी थांबवावं. साठा मूळ पातळीवर यायला चार ते सहा आठवडे लागतात.

रोइंगमध्ये खेळाडूचं वजन बोट पेलते, म्हणून तिथे एका किलोची किंमत पोहण्याइतकी नसते. २००० मीटरची शर्यत सहा ते आठ मिनिटांची आणि बहुतांशी ऑक्सिजनवर चालणारी. फॉस्फोक्रिएटिन कामी येतं ते सुटतानाच्या पहिल्या काही स्ट्रोकना आणि थोडंफार शेवटच्या झपाट्याला. १९९६ च्या एका प्रयोगात पाच दिवस क्रिएटिन घेतलेल्या रोअरचा १००० मीटरचा वेळ, साधारण साडेतीन मिनिटांच्या कामात, सव्वादोन सेकंदांनी सुधारला. पण ही चाचणी अर्गोमीटरवरची, म्हणजे जमिनीवरच्या रोइंग यंत्रावरची होती. अर्गोमीटर वजनाची शिक्षा देत नाही, बोट थोडीफार देते. म्हणून निवड फक्त अर्गोमीटरच्या आकड्यावर ठरत असेल तर फायदा आहे त्यापेक्षा मोठा दिसेल. किनाऱ्यावरून धावत जाऊन बोट वल्हवायच्या बीच स्प्रिंटमध्ये दिवसभरात अनेक फेऱ्या होतात आणि प्रत्येक फेरी दोन-तीन मिनिटांची असते, तिथे क्रिएटिनला जास्त अर्थ आहे.

लाइटवेट गटात मात्र सावध राहावं. पुरुषांसाठी कमाल मर्यादा ७२.५ किलो, महिलांसाठी ५९. मर्यादेच्या काठावरच्या रोअरने स्पर्धेआधी क्रिएटिन सुरू केलं, तर वजन मर्यादेत आणण्यासाठी तो पाणी तोडणार आणि थकलेल्या अंगाने बोटीत बसणार.

मात्रेबद्दल. आमच्या मते घाई नसेल तर रोज ३ ग्रॅम, साधारण चार आठवडे. साठा तेवढाच भरतो आणि पोट बिघडत नाही. घाई असेल तर किलोमागे ०.३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या मुलीला दिवसाला १८ ग्रॅम, चार भागांत साडेचार-साडेचार, पाच दिवस, पुढे रोज ३. एकाच वेळी दहा ग्रॅम घेतले की जुलाब होऊ शकतात आणि दोष मेसच्या जेवणावर जातो. चमच्यावर भरवसा नको, छोटा डिजिटल काटा घ्यावा. कोमट पाण्यात ढवळून लगेच प्यावं, कारण आंबट सरबतात मिसळून ठेवलं की ते हळूहळू क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थात मोडतं. टेपरच्या, म्हणजे स्पर्धेआधी सराव कमी करण्याच्या आठवड्यांत नव्याने सुरुवात तर मुळीच नको.

रक्ततपासणीचा घोळही आधीच टाळता येतो. क्रिएटिन घेणाऱ्याच्या अहवालात क्रिएटिनिन थोडं वाढलेलं दिसू शकतं आणि डॉक्टर मूत्रपिंडाचा धोका समजून घाबरवतात. अर्जावर ‘क्रिएटिन चालू’ असं लिहावं आणि शंका उरलीच तर मूत्रपिंडाचं काम दाखवणारं सिस्टॅटिन-सी तपासावं. मूत्रपिंडाचा आजार असलेल्याला मात्र देऊ नये. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची लेखी संमती आणि डॉक्टरांची तपासणी नसेल, तर डबा उघडूच नये.

खरेदीच्या निविदेत ‘क्रिएटिन मोनोहायड्रेट, एकमेव घटक, बॅच क्रमांकासह तपासलेले’ असं लिहावं. ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणं टाळावीत. त्यांत उत्तेजकांची भेसळ निघाली तर दोष खेळाडूवर येतो, पुरवठादारावर नाही. प्रत्येक बॅचचा एक सीलबंद डबा शिबिरात बाजूला ठेवावा, म्हणजे उद्या चाचणी सकारात्मक आली तर तपासायला काहीतरी हातात राहील. खेळाडूनेही डोपिंग चाचणीच्या फॉर्मवर त्याची नोंद करावी.

आदेश निघेल तेव्हा डब्यांची संख्या लिहू नये. प्रत्येक नावापुढे शर्यतीचं अंतर, चालू वजन, सुरू करण्याची आणि थांबवण्याची तारीख अशी चार रकाने असावीत. हा कागद भरायला प्रशिक्षकाला अर्धा तास लागतो.

आपले,
जलतरण व रोइंग प्रशिक्षक