काकू, त्या ईमेलबद्दल मनापासून आभार

प्रिय काकू,
सा. न.

हे पत्र सगळ्यांना दिसेल असं लिहितेय, कारण तुम्ही शिकवलंत ते इतर पालकांच्याही कामी येईल.

ओवीच्या वर्गशिक्षिकांना काय लिहावं, हे विचारायला मी तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही आधी तिच्या वह्या मागवल्यात. फळ्यावरून उतरवलेला मजकूर आणि पुस्तकातून उतरवलेला मजकूर शेजारी ठेवलात. फळ्यावरून घेताना ‘पर्वत’चं ‘पवत’ झालं होतं, ‘आंबा’चा ‘आबा’. पुस्तकातून लिहिलेल्या पानावर रफार, अनुस्वार सगळं जागच्या जागी. मी इतके दिवस नुसतं ‘अपूर्ण’ हा शेरा वाचत होते.

मग ईमेल झाला तो एवढाच:

“आदरणीय मॅडम, सविनय नमस्कार. मी तिसरी ‘ब’मधल्या ओवीची आई. फळ्यावरून लिहिताना तिचे रफार आणि अनुस्वार सुटतात, पुस्तकातून लिहिताना सुटत नाहीत. दोन्ही पानांचे फोटो जोडले आहेत. तोंडी उत्तरं ती नीट देते. फळ्यावरचं पूर्ण उतरवून होत नाही, असं ती सांगते. वर्गात तुम्हांला काय जाणवतं? तुमच्या सोयीने दहा मिनिटं भेटता येईल का?”

यातलं ‘पूर्ण उतरवून होत नाही’ हे वाक्य मूळचं ओवीचं, “मॅडम लगेच फळा पुसतात.” तुम्ही म्हणालात, पोरीला तसं वाटणं खरंच आहे, पण कागदावर आलं की ती तक्रार होते, अडचण तिची आहे, तीच लिही. ‘लक्ष नसतं’ आणि ‘डिस्लेक्सिया असेल का’ हेही तुम्ही काढायला लावलंत. पहिला तिच्यावर शिक्का आणि दुसरं आपलं निदान, दोन्ही मॅडमना नको होते. मुख्याध्यापकांना प्रत पाठवू नकोस, हेही बरं सुचवलंत. वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं तर नावच नको!

मॅडमचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. ओवी मागच्या बाकावर बसते, डोळे बारीक करून बघते, हे त्यांनाही दिसलं होतं. फोटो पाहून दोन्हींचा मेळ लागला. त्यांनी तिला पुढे बसवून तोच मजकूर उतरवायला दिला, तर चुका जवळजवळ गेल्या. डोळे तपासून घ्या, असं त्यांनीच सुचवलं. तिला मायनस नंबर निघाला. लांबचं धूसर दिसतं तेव्हा टिंबं आणि रफार असल्या बारीक खुणा आधी हरवतात, असं डॉक्टर म्हणाले.

चष्मा आला, वही पूर्ण होते. अक्षर मात्र होतं तसंच किरटं आहे. त्यासाठी रविवारी तिला तुमच्याकडे पाठवू का?

तुमची,
ओवीची आई