सात महिन्यांसाठी साडेआठ वर्षे?

महोदय,

‘गैरहजर राहाल तर पेन्शन गमवाल’ ही कालची बातमी वाचली. मथळा झकास, पण गैरहजेरीचे दिवस धरले न जाणे आणि त्याआधीची सगळी सेवा बुडणे या दोन गोष्टी तुमच्या वार्ताहराने एकाच चमच्याने ढवळल्या आहेत. आस्थापना शाखेतही नेमके हेच होते.

माझा धाकटा भाऊ सरकारी वाहनचालक होता. १ ऑगस्ट १९९४ला रुजू झाला. जानेवारी २००३ची रजा मंजूर होती. ती संपल्यावर घरच्या आजारपणात सात महिने गेला नाही. कळवलेही नाही, हे त्याचे चुकलेच. १ सप्टेंबरला साहेबांनी त्याला रुजू करून घेतले. जागा भरलेली नव्हती. नोटीस नाही, आदेश नाही. पुढे कुणीतरी सेवापुस्तकात लाल शाईने ‘सेवाखंड’ असे लिहून ठेवले. खाली आदेश क्रमांक नाही, सही नाही.

जुलै २०१२ अखेर तो निवृत्त झाला तेव्हा ती लाल शाई बोलू लागली. आधीची साडेआठ वर्षे बाद, उरली आठ वर्षे अकरा महिने. दहा वर्षे अर्हताकारी सेवा नाही, म्हणून मासिक निवृत्तिवेतन नाही. एकरकमी उपदान घ्या आणि घरी जा!

निवृत्तिवेतन नियम १९८२चा नियम ४७ कुणी उघडलाच नव्हता. मंजूर रजेला जोडून झालेली विनापरवाना गैरहजेरी, जागा कायमपणे भरलेली नसेल, तर मागची सेवा बुडवत नाही. शिवाय असा काळ नियुक्ती प्राधिकाऱ्याला मागाहून असाधारण रजेत बदलता येतो. तसा आदेश अखेर निघाला, पण तोवर दोन वर्षे त्याच्या घरात पेन्शनचा रुपया आला नाही. वैद्यकीय प्रमाणपत्र नव्हते म्हणून ते सात महिने वजा झाले, ते रास्तच. बाकी सतरा वर्षे पाच महिने सेवा धरली गेली.

बातमीत खंड क्षमापित करण्याविषयी एक ओळ आहे, तीही अर्धवट. खंड क्षमापित झाला तरी खंडाचा काळ मोजला जात नाही, फक्त आधीची सेवा वाचते. आणि राजीनामा, बडतर्फी किंवा संपामुळे पडलेला खंड आपोआप क्षमापित होत नाही. हे छापले असते तर एखाद्या कर्मचाऱ्याने निवृत्तीआधीच सेवापुस्तक मागून पाहिले असते आणि लाल शाई दिसताच आदेशाची प्रत मागितली असती. निवृत्तीनंतर तो कागद कोण शोधतो? ज्यांनी नोंद केली ते स्वतःच पेन्शन घेत असतात, तीही वेळेवर.

जाता जाता : निवृत्तांचे सदर तुम्ही आतल्या पानावर, शब्दकोड्याखाली इतक्या बारीक टायपात ढकलले आहे की ज्यांच्यासाठी ते आहे त्यांनाच वाचता येत नाही. शब्दकोडे मात्र ठसठशीत!

– एक निवृत्त मुख्य लिपिक