सोलर दक्षिणेला, वाळवण उत्तरेला

दिनांक : ३ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य

विषय : गच्चीवरील सोलर पॅनेलच्या जागेबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गच्चीवर सोलर बसवायला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. सभेत हात वर केला होता आणि तो अजून वरच आहे. माझं म्हणणं फक्त बारा पॅनेलांबद्दल आहे. कंत्राटदाराने ३६ पॅनेलांचा आराखडा दिलाय. त्यातली १२ पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, टाकीच्या भिंतीपासून एक मीटरवर सुरू होणाऱ्या पट्ट्यात दाखवली आहेत. ती जागा ‘पूर्ण उन्हाची’ म्हणून अहवालात फोटोही जोडलाय. फोटो खरा आहे, पण तो २८ मेच्या दुपारी साडेबाराला काढलेला आहे.

आपलं पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरंच दक्षिणेला. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. २८ मेला आपल्या साडेचार मीटर उंच टाकीची सावली जेमतेम वीतभर पडते, आणि तीही दक्षिणेला. त्या दिवशी टाकीच्या उत्तरेला सावली दिसणारच नाही. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून फक्त ४८ अंश वर येतो. पॅनेलची खालची कड फरशीपासून अर्धा मीटर वर असेल, म्हणजे तिथून टाकी चार मीटर उंच. तिची सावली त्या पातळीवर ३.६ मीटर उत्तरेला जाते. सकाळी साडेनऊला ती सात मीटरांहून लांब होऊन वायव्येकडे पसरते, दुपारी साडेतीनला तशीच ईशान्येकडे.

हे मी काल, रविवारी, गच्चीवर जाऊन तपासलं. फोनवर Sun Seeker नावाचं ॲप आहे. कॅमेरा आकाशाकडे धरला की त्या जागेवरून दिसणारी सूर्याची वाट चित्रावर उमटते. डिसेंबरची वाट टाकीच्या मागून जाते की वरून, ते डोळ्यांनी दिसतं. पण उभं राहून पाहिलं तर फसायला होतं, कारण आपले डोळे पॅनेलच्या मीटरभर वर असतात आणि तिथून टाकी बुटकी दिसते. म्हणून मी विटा रचून फोन पॅनेलच्या कडेच्या उंचीवर ठेवला.

दुसरी फसगत होकायंत्राची. गच्चीवर स्लॅबमधलं लोखंड, रेलिंग आणि लिफ्टची मोटर आहे. लिफ्टच्या खोलीजवळ माझा फोन उत्तर दिशा पंधरा अंशांनी चुकीची दाखवत होता. हिवाळ्यात दुपारच्या सुमाराला एवढ्या चुकीने सावलीची वेळ पाऊण तास पुढेमागे होते. ही चूक कळायला सोपी आहे. ॲपमधला सूर्य खऱ्या सूर्यावर बसला नाही, तर होकायंत्र बिघडलंय. (सूर्याकडे थेट पाहू नये, फोनची सावली पाहावी.)

मी ॲपचं होकायंत्र सोडून गवंड्याचा ओळंबा घेतला. दोरीची सावली बरोबर १२ वाजून १८ मिनिटांनी फरशीवर खडूने आखली. ती रेघ म्हणजे खरी उत्तर-दक्षिण. बाराला का नाही? आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि पुणे त्याच्या पश्चिमेला, म्हणून आपली मध्यान्ह सरासरीने ३४-३५ मिनिटं उशिरा होते. त्यात नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या १६ मिनिटं पुढे असतो, ती वजा केली. त्याच वेळी टाकीची फरशीवरची सावली पट्टीने मोजली, तीन मीटरला चार बोटं कमी भरली. हिशेबही तेवढाच येतो.

मग साडेअठरा अक्षांशाचा सूर्यमार्गाचा नकाशा छापून घेतला. यात वर्तुळाची कड म्हणजे क्षितिज आणि मध्यबिंदू म्हणजे डोक्यावरचं आकाश. आडव्या कमानी तारखांच्या, त्यांना छेदणाऱ्या रेघा तासांच्या. पट्ट्याच्या मधोमध, भिंतीपासून अडीच मीटरवर बसून टाकीच्या प्रत्येक कोपऱ्याची दिशा आणि उंचीचा कोन मोजला. तो आकार नकाशावर काढून पेन्सिलीने भरला. जे तास आणि ज्या तारखा काळ्या झाल्या, त्या सावलीच्या.

त्या जागेवरून टाकीची वरची कड ५८ अंशांवर दिसते. तिथे मध्यान्हीची सावली ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होते ती फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सुटत नाही. डिसेंबरअखेर तर सकाळी साडेनऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत ऊन नाही. भिंतीपासून एक मीटरवरच्या कडेला मध्यान्हीची सावली सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत राहते. एका साखळीत जोडलेल्या पॅनेलांत सावलीतलं पॅनेल बाकीच्यांनाही मागे ओढतं, त्यामुळे नुकसान त्या बारांपुरतं राहीलच असं नाही. पावसाळ्यात आपल्याकडे ढग असतात. आकाश स्वच्छ असतं ते सावलीच्या याच महिन्यांत. ॲपला ढग कळत नाहीत, त्यामुळे त्यातले जूनचे ‘उन्हाचे तास’ पाहून हुरळू नये.

शेजारचा रिकामा प्लॉटही ॲपला कळत नाही. तो आपल्या नैर्ऋत्येला आहे. तिथे आपल्या गच्चीच्या २१ मीटर वर जाणारी इमारत ३० मीटरांवर उभी राहिली, तर तिचा माथा ३५ अंशांवर दिसेल आणि डिसेंबरात तीनच्या सुमारास आपलं ऊन जाईल. जूनमध्ये तिचा काही त्रास नाही, तेव्हा तीनचा सूर्य पश्चिमेच्याही उत्तरेला असतो. तिचा मंजूर नकाशा एकदा पाहून घ्यावा.

आता मुद्द्याची गोष्ट. टाकीच्या दक्षिणेला भरपूर जागा आहे. ती सोडण्याचं कारण अहवालात एका ओळीत दिलंय : ‘रहिवाशांचे कपडे व वाळवण’. ही अडचण खरी आहे, पापड-कुरडयांची जागा हलवा असं सांगायला कोणाला आवडेल? पण वाळवणं एप्रिल-मेमध्ये असतात, आणि तेव्हाच उत्तरेचा पट्टा उन्हात असतो. एप्रिलच्या मध्यावर दुपारी टाकीची सावली फरशीवर पाऊण मीटरही नसते. म्हणजे बारा पॅनेल दक्षिणेला नेली आणि वाळवण उत्तरेला आणलं, तर दोघांनाही आपापल्या हंगामात ऊन मिळतं. हिवाळ्यात कपड्यांच्या दोऱ्या पूर्वेच्या कठड्याला बांधता येतील. सकाळचं ऊन तिथे भरपूर येतं.

तेव्हा विनंती अशी की, करारावर सही करण्याआधी कंत्राटदाराकडून २१ डिसेंबरचा सकाळी साडेनऊ, मध्यान्ह आणि दुपारी साडेतीनचा सावलीचा नकाशा लेखी मागवावा. आणि समितीने येत्या रविवारी सव्वाबाराला गच्चीवर यावं. ओळंबा आणि छापील नकाशा मी आणतो. खडूची रेघ पुसू नका, असं सफाईच्या मावशींना सांगून ठेवलंय.

आपला,
सदनिका ७०२, बी विंग