बाळाच्या ऑपरेशनबद्दल

म्हापसा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

बाळ घरी आलंय, दूध पितंय, काल वजन ३ किलो ४५० ग्रॅम भरलं. आधी एवढं वाचून जिवाला स्वस्थ करा, मग पुढचं.

बाबा, त्या दिवशी तुम्ही फोनवर रागावलात. "निदान झालंय, ऑपरेशन करायचंच आहे, मग दोन दिवस पोराला उपाशी ठेवून बसलेत कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. माझाही जीव त्याच प्रश्नात अडकला होता. आता डॉक्टरांकडून समजून घेतलंय, तसं लिहितो.

चौथ्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग दूध पाजल्यावर थोड्या वेळाने उलटी व्हायला लागली. पहिल्यांदा ती गुळणीच वाटली. एका डॉक्टरांनीही ढेकर नीट काढा म्हणून परत पाठवलं. पण चार दिवसांत दूध पिचकारीसारखं दोन-दोन फूट लांब उडायला लागलं. उलटी पांढरी, फाटलेल्या दुधाची. हिरवा रंग कधीच नाही. आणि उलटी झाली की बाळ पुन्हा भुकेने हंबरडा फोडायचं. दिवसाला दोन-तीनच लंगोट ओले होऊ लागले, टाळू खोल गेली, ३ किलो ६०० वरून वजन ३ किलो ३०० वर आलं. तेव्हा आम्ही बांबोळी गाठली.

तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न उलटीच्या रंगाचा विचारला. हिरवी असती तर आतड्याला पीळ पडल्याची भीती, आणि मग तासाभराचाही उशीर परवडत नाही. पांढरी म्हटल्यावर त्यांनी बाळाला थोडं पाजायला सांगितलं आणि शांतपणे पोटाकडे बघत बसले. बरगडीखाली डावीकडून उजवीकडे एक लाट सरकताना मलाही दिसली. मग त्यांनी उजव्या बाजूला बोटांनी हळूच चाचपलं. करवंदाएवढी कडक गाठ लागली. जठराच्या शेवटी जो दरवाजा असतो, त्याचा स्नायू जाड होऊन वाट आवळून बसला होता. याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. खात्रीसाठी सोनोग्राफी केली: स्नायू ५ मिलिमीटर जाड, आणि ३ च्या पुढे गेला की आजार धरतात.

आता तुमचा प्रश्न. दर उलटीबरोबर बाळाच्या पोटातलं आम्ल बाहेर जात होतं. त्या आम्लात मिठात असतो तोच क्लोराइड असतो, तो रक्तात ८४ वर उतरला होता. आम्ल गेलं की रक्त अल्कलीकडे झुकतं आणि पोटॅशियमही घटतं. अशा रक्ताने श्वास घ्यायची मेंदूची ओढ मंदावते. त्यात भूल दिली, तर ऑपरेशन व्यवस्थित होऊनही बाळाचा श्वास नंतर थांबू शकतो. बाबा, आपल्याला उशीर वाटला तोच त्याचा उपचार होता. नाकातून नळी घालून पोट रिकामं ठेवलं, सलाईन चालू केलं, लघवी झाल्यावरच त्यात पोटॅशियम घातलं. दर काही तासांनी रक्त तपासत होते. क्लोराइड १०० च्या वर गेल्यावर भूलतज्ज्ञांनी होकार दिला.

ऑपरेशन मात्र अर्ध्या-पाऊण तासाचं. बेंबीवरच्या छोट्या छेदातून त्यांनी तो जाड स्नायू लांबीच्या दिशेने चिरला आणि कडा फाकवल्या. आतलं मऊ अस्तर कापायचं नाही, हेच सगळं कौशल्य. स्नायू सैल झाला की अस्तर त्या फटीतून वर फुगून येतं. मग नळीतून पोटात हवा सोडून गळती नाही ना पाहिलं. स्नायूला टाका घालत नाहीत, तो तसाच ठेवतात. राम्श्टेट नावाच्या जर्मन सर्जनने १९१२ मध्ये ही पद्धत दाखवली, ती आजही तीच आहे. चिरलेला स्नायू पुढे आपोआप पातळ होतो आणि आजार सहसा परत येत नाही.

सहा तासांनी थोडं दूध दिलं. त्या रात्री दोनदा उलटी झाली तेव्हा मनीषा रडायलाच लागली. पण जठराला सूज असते, म्हणून पहिला दिवस-दीड दिवस एवढं चालतं. रोज वाढत गेली तर स्नायू पुरता कापला गेला नसेल अशी शंका घ्यायची. तसं झालं नाही.

आई, तू मनीषाला विचारलंस ना, "मी बारशाला चाटवलेल्या मधाने तर झालं नाही?" मध या वयात देऊ नये, ते मी सांगेनच, पण हा आजार त्याने झालेला नाही. पहिलटकरणीच्या मुलग्यांत तो जास्त दिसतो, एवढंच. कुणाच्याही हातून काही चुकलेलं नाही.

जखम पुढच्या मंगळवारी दाखवायची आहे. ते झालं की शनिवारी पेडण्याला येतो. पाळणा माळ्यावरून काढून ठेवा, दोरी नवी लागेल.

तुमचा,
सुहास