आप्पांची अँजिओग्राफी: मनगट की जांघ?

नाशिक,
रविवार, रात्री

प्रिय दिनू,

दुपारी फोनवर तू विचारलंस, "आप्पांची अँजिओग्राफी हातातून करतील की पायातून?" मी कॅथ लॅबमध्ये होतो, पुढचा पेशंट टेबलावर घेतला होता, म्हणून "हातातूनच, काळजी करू नकोस" एवढंच बोलून फोन ठेवला. घरी आल्यापासून ते उत्तर बोचतंय, कारण ते अर्धंच होतं. बहुतेक हातातूनच होईल, पण ऐनवेळी जांघेतून जावं लागू शकतं. आणि गुरुवारी रात्री आप्पांच्या उशाशी तू बसणार आहेस. म्हणून सगळं नीट लिहितो.

मी या कामाला लागलो तेव्हा उजवी जांघ हीच वाट ठरलेली असायची. मनगटातून हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जाता येतं हे माँट्रियलच्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ साली मांडलं, पुढे अ‍ॅमस्टरडॅमच्या किमनाय यांनी त्याच वाटेने अँजिओप्लास्टी सुरू केली. आपल्याकडे ते रुळायला वेळ लागला. आज आमच्या लॅबमध्ये पहिला हात मनगटालाच लावतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. अंगठ्याच्या खाली नाडी बघतात ना, ती रेडियल धमनी. ती कातडीच्या लगेच खाली आणि हाडावर टेकलेली असते. रक्त आलं तर दिसतं, आणि एका बोटाने दाबलं की थांबतं. शिवाय पंजाला रक्त पुरवणारी दुसरी धमनी करंगळीच्या बाजूला असते, त्यामुळे ही काही काळ दाबली तरी हात उपाशी राहत नाही. जांघेतली फेमोरल धमनी मोठी आणि खोल. तिथून गळालेलं रक्त मांडीत किंवा पोटाच्या मागे साठतं आणि बराच वेळ कुणाला कळत नाही.

२०११ साली रायव्हल नावाचा मोठा अभ्यास आला होता, हृदयविकाराचा तीव्र त्रास घेऊन आलेल्या ७,०२१ रुग्णांवरचा. जांघेतून केलेल्यांत ३.७ टक्के लोकांना नळीच्या जागी मोठी गुंतागुंत झाली, मनगटातून केलेल्यांत १.४ टक्के. पण त्याच अभ्यासात मनगटातून सुरुवात केलेल्या ७.६ टक्के लोकांना वाट बदलावी लागली. हा दुसरा आकडा आप्पांना आधीच सांगून ठेव. त्यांचं मनगट आणि जांघ दोन्हीकडचे केस काढतील, दोन्हीकडे औषध लावून स्वच्छ करतील. ते बघून "आता काय बिघडलं" असं त्यांना वाटायला नको.

आता त्यांना काय जाणवेल ते सांगतो. भुलीची सुई मनगटात टोचताना चरचरतं, दाताच्या डॉक्टरकडे टोचतात तसं. मग नळी आत सरकते, ती साधारण दोन मिलिमीटरची. धमनी आखडू नये म्हणून लगेच नळीतून औषध देतात आणि त्याने कोपरापर्यंत हात तापल्यासारखा, जळजळल्यासारखा होतो. अर्ध्या मिनिटात ओसरतं. आधी सांगितलेलं नसलं की माणसं इथेच घाबरून हात ओढतात, आणि घाबरलं की धमनी आणखी आखडते. त्या नळीतून हृदयापर्यंत नेतात ते बारीक लांब कॅथेटर आत फिरताना काही कळत नाही. एक्स-रेमध्ये धमन्या दिसाव्यात म्हणून डाय सोडतात, तेव्हा छातीत थोडं ऊन ऊन वाटेल. ब्लॉक सापडला आणि तिथेच स्टेंट टाकायचं ठरलं, तर फुगा फुगवलेला असतो तेवढे काही सेकंद छातीत नेहमीचं दुखणं येऊ शकतं. ते त्यांनी सोसत बसू नये, तोंडाने सांगावं. आम्हाला ते कळायला हवंच असतं.

हात आतून पिळवटल्यासारखा दुखायला लागला तर धमनी आखडली आहे. तेव्हा जोर लावायचा नसतो. औषध देतात, थोडं थांबतात, कधी झोपेचं हलकं इंजेक्शन देतात. तरी सुटलं नाही, किंवा कोपराजवळ धमनीला वेढा निघाला, की वाट बदलतात.

माझ्या मामांचं हेच झालं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, तुला तेव्हा नीट सांगितली नव्हती. मामा ७१ वर्षांचे, ठेंगणे, वीस वर्षांचा बीपी. मनगटात सुई पहिल्या झटक्यात गेली, पण कॅथेटरला वाट दाखवणारी तार कोपरापाशी अडली. डाय सोडून पाहिलं तर धमनीला गोल वेढा. दोनदा प्रयत्न झाला, मामा कण्हायला लागले, तेव्हा डॉक्टरांनी जांघेतून जाऊन एक स्टेंट टाकला. काम छान झालं. रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा जोर उतरेपर्यंत चार तास नळी जांघेत तशीच ठेवली, मग काढून वीस मिनिटं हाताने दाबून धरलं. इथवर सगळं जसं व्हायला हवं तसंच झालं.

रात्री अकराला मामा म्हणाले, "कंबर भरून आलीय रे." सहा तास उताणं पडलेल्या प्रत्येकाची कंबर भरते. मी जांघ पाहिली. पट्टी कोरडी, सूज नाही. मीच म्हणालो, "पडून पडून होतं मामा, गॅसही असेल." वॉर्डमध्येही तेच म्हणाले आणि गॅसची गोळी दिली. पाऊण तासाने त्यांच्या कपाळावर हात ठेवला तर घाम, गार. दुखणं आता उजव्या कुशीत होतं. नाडी ११२, बीपी ९०. संध्याकाळी नाडी ७६ होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. टोचलेलं ठिकाण जांघेच्या घडीच्या फार वर गेलं की मागे दाबायला हाड नसतं आणि रक्त पोटाच्या मागच्या पोकळीत उतरतं. बाहेर एक थेंब दिसत नाही. सीटी स्कॅनमध्ये तेच निघालं. दोन पिशव्या रक्त आणि दोन रात्री आयसीयू, ऑपरेशन मात्र करावं लागलं नाही. मी रोज हेच काम करतो आणि तरी पाऊण तास घालवला. ते मी विसरू शकत नाही.

म्हणून आप्पांचं जांघेतून झालं तर एवढं कर. पाय सरळ, डोकं उशीवर टेकलेलं, उचलायचं नाही. डोकं उचललं की पोटाचे स्नायू ताणतात आणि तो ताण थेट जांघेवर येतो. खोकला किंवा शिंक आली तर पट्टीवर तळवा दाबून धरायचा. लघवी पडल्या पडल्या भांड्यातच. पहिले काही तास दर अर्ध्या तासाने चादर बाजूला करून बघ, आणि पट्टीभोवती बोटांनी चाचप. मऊ असलं तर ठीक. कडक गोळा लागला तर सिस्टरला बोलाव आणि कडेने पेनाने रेघ मारायला सांग, म्हणजे वाढतोय का ते कळतं. पाऊल गरम आहे ना तेही हात लावून बघत जा. आणि कंबर किंवा कूस दुखते म्हणाले तर पट्टी कोरडी आहे म्हणून स्वस्थ बसू नकोस. नाडी आणि बीपी त्याच क्षणी मोजायला लाव, आधीच्या आकड्यांशी ताडून बघ. नळी काढताना कधीकधी माणसाला एकदम घाम फुटतो, मळमळतं, नाडी मंदावते. त्याला डॉक्टर समोरच असतात, पाय वर करून आणि इंजेक्शन देऊन सावरतं.

मनगटातून झालं तर नळी लगेच निघते, स्टेंट टाकला असला तरी. मग मनगटावर एक पारदर्शक पट्टा बांधतात, त्यात सिरिंजने हवा भरलेली असते. यात एक बारीक गोष्ट आहे. पट्टा इतकाच घट्ट हवा की रक्त बाहेर येऊ नये, पण धमनीतून पुढे वाहत राहावं. फार आवळला तर धमनी कायमची बंद होऊ शकते. दुसऱ्या धमनीमुळे हात ठणठणीत राहतो, पण पुढे कधी गरज पडली तर ती वाट गेलेली असते. तपासायची रीत तू डोळ्यांनी बघू शकतोस. त्याच हाताच्या अंगठ्याला ऑक्सिजन मोजायची चिमटी लावायची आणि करंगळीच्या बाजूची धमनी दाबून धरायची. पडद्यावर लाट उठत राहिली तर रेडियल वाहतेय. लाट सपाट झाली तर सिस्टरला थोडी हवा कमी करता येईल का ते विचार. स्वतः पट्ट्याला हात लावू नकोस. दोनेक तासांनी हवा थोडी थोडी काढत आणतात. मध्ये रक्त झिरपलं तर परत थोडी भरतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बोटं जराशी निळसर, जड वाटतील, पट्टा सैल झाला की जातं. पण कोपराखालचा हात दगडासारखा ताठरला, बोटं सरळ करताना कळ यायला लागली, तर ते आत रक्त साठण्याचं लक्षण आहे. मग थांबायचं नाही. घरी निघण्यापूर्वी मनगटाची नाडी डॉक्टरांना एकदा तपासायला सांग.

घरची खरी अडचण मला वेगळीच दिसते, ती म्हणजे छाटणी. आप्पा बागेत गेल्याशिवाय राहणार नाहीत, आणि कात्री उजव्याच हातात. प्रत्येक काडीला मनगट मुडपतं आणि जोर त्याच ठिकाणी येतो. आठवडाभर कात्री लपवून ठेव. पाण्याची बादली, द्राक्षाचा क्रेट, मोटरसायकलचं हँडल, काही नाही. पहिला दिवस जेवायलाही चमचा डाव्या हातात दिला तर बरं. त्या हातावर बीपीचा पट्टा दोन-चार दिवस बांधू देऊ नका. जांघेतून झालं असेल तर आठवडाभर उकिडवं बसणं बंद, तुमच्या मळ्यातलं देशी संडास वापरू नका, कमोडची खुर्ची आणून ठेव.

रक्त आलंच तर मनगटावर अंगठा ठेवून हात वर धरायचा आणि दहा मिनिटं घड्याळ लावून दाबायचं, मध्ये उचलून बघायचं नाही. जांघेतून आलं तर जिथे असतील तिथे आडवं करून भोकाच्या बोटभर वर मुठीने दाबायचं, कारण धमनीतलं छिद्र कातडीच्या छिद्रापेक्षा वर असतं, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ लावायचा. काळंनिळं पडून ते मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरेल, मग हिरवं, पिवळं होईल. दोन-तीन आठवडे लागतात. ते वाईट दिसतं, पण त्रासाचं नाही. आठवड्याने जांघेत धडधडणारी गाठ हाताला लागली तर मात्र डॉप्लर सोनोग्राफी करून घ्यायची. आणि डाग बघून कुणी स्टेंटनंतरच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या तर ऐकू नका. त्या थांबल्या की स्टेंट आतून बंद पडू शकतो.

बुधवारी संध्याकाळी तुम्ही थेट माझ्याकडेच या, दिंडोरीहून पहाटे निघायची धावपळ नको. आप्पांच्या चालू गोळ्यांची पाकिटं सगळी सोबत आण, चिठ्ठी नको, पाकिटंच. आणि त्यांना समोरून बटणं असलेला, सैल अर्ध्या बाहीचा सदरा घालून आण. वहिनींना सांग, माईंना गुरुवारी आमच्याकडेच ठेवू, हॉस्पिटलच्या बाकावर दिवसभर बसायला लावू नका.

तुझा,
बंड्या