चपटा सेल म्हणजे नाणं नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लहान मुलाने नाणं गिळलं की घरातली मोठी माणसं केळं खायला घालतात आणि दुसऱ्या दिवशी शीवर लक्ष ठेवतात. नाण्याच्या बाबतीत बरेचदा ते निभावून जातं. पण रिमोटमधला, गाडीच्या चावीतला किंवा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यातला चपटा सेल गिळला असेल आणि हाच उपाय केला, तर ते मूल हातचं जाऊ शकतं. राखीपौर्णिमा ते दिवाळी या दिवसांत चमकणाऱ्या राख्या आणि सेलवरच्या पणत्या घरोघर येतात. त्याआधी हे पत्र छापावं, ही विनंती.

सगळ्यात मोठा गैरसमज असा की सेल फुटतो, आतलं रसायन गळतं आणि त्याने पोटात भाजतं. लिथियमच्या सेलमध्ये तसं होत नाही. सेल शाबूत असतानाच इजा होते. सेलची एक बाजू धन आणि दुसरी ऋण. अन्ननलिकेत तो अडकला की ओलं अस्तर दोन्ही बाजूंना चिकटतं, मधली लाळ खारट असते, आणि वायरने जोडल्यासारखा विद्युतप्रवाह मुलाच्या मांसातून वाहू लागतो. ऋण बाजूला त्या प्रवाहाने पाण्याचं विघटन होतं. थोडा हायड्रोजन वायू सुटतो आणि मागे जो अल्क उरतो तो कॉस्टिक सोड्याच्या जातीचा असतो. म्हणजे जाळणारं रसायन सेलमधून येत नाही, ते मुलाच्या लाळेतूनच तिथल्या तिथे तयार होतं आणि सेलमध्ये जोर आहे तोवर होत राहतं.

किती तयार होतं, याचा हिशेब सोपा आहे. समजा फक्त पाच मिलीअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर साधारण साडेसात मिलिग्रॅम कॉस्टिक सोड्याइतका अल्क तयार होतो. आकडा किरकोळ वाटतो. पण तो पोटभर पाण्यात मिसळत नाही, सेल आणि अस्तर यांच्यामधल्या थेंबभर ओलाव्यात साठतो, आणि तिथला सामू बारा-तेरापर्यंत चढतो. आम्लाने भाजलं तर वर कडक खपली धरते आणि खाली जाणारी इजा थोडी तरी अडते. अल्काचं तसं नसतं. तो चरबीचा साबण करतो, प्रथिनं विरघळवतो आणि मांस मऊ करत आत आत जातो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर मुलं आसपास नसताना एक प्रयोग करता येतो. हळद आणि चिमूटभर मीठ पाण्यात कालवून त्यात टिपकागद भिजवा आणि त्याची घडी सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटेल अशी घाला. हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे कुंकू करणाऱ्यांना सांगायला नको. तोच लाल रंग कागदावर उमटतो, पण फक्त सेलच्या ऋण बाजूला, आणि कडेला बारीक बुडबुडे दिसतात. तिथे चुना कोणी लावलेला नसतो. टिपकागदाच्या जागी दीड वर्षाच्या मुलाची अन्ननलिका आहे असं समजा. प्राण्यांवरच्या प्रयोगांत पंधरा मिनिटांत अस्तरावर इजा दिसू लागली, आणि दोन तासांत ती गंभीर होऊ शकते.

‘तो सेल तर संपलेला होता’ हे वाक्य म्हणूनच फार घातक आहे. नव्या लिथियम सेलचा दाब तीन व्होल्ट असतो. रिमोट बंद पडतो तेव्हा तो उतरलेला असतो, शून्य झालेला नसतो. पाण्याचं विघटन सुरू व्हायला तत्त्वतः 1.23 व्होल्ट पुरतात, त्यामुळे रिमोटला निरुपयोगी झालेला सेल मांस जाळायला पुरेसा ठरतो. बदललेला सेल टीव्हीवर किंवा देवघराच्या फळीवर ठेवून देण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे. नवा सेल निदान पाकिटात तरी असतो, हा उघडाच पडलेला असतो.

सेलवर कोरलेला क्रमांक वाचायला शिकावं. CR2032 मधल्या 20 चा अर्थ व्यास वीस मिलिमीटर आणि 32 चा अर्थ जाडी 3.2 मिलिमीटर. CR2025 आणि CR2016 तेवढेच रुंद, फक्त पातळ. म्हणजे आकार जवळजवळ रुपयाच्या नाण्याएवढा, आणि चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या अन्ननलिकेत अडकून बसायला नेमका तेवढाच पुरतो. घड्याळातले आणि चमकणाऱ्या राख्यांमधले LR जातीचे सेल लहान आणि दीड व्होल्टचे असतात. ते बहुधा पुढे सरकून जातात, पण मुलाने नाकात किंवा कानात घातले तर तेही काही तासांत पडदा जाळतात. एकाच नाकपुडीतून घाण किंवा काळपट पाणी येत असेल तर थेंब टाकून वाट पाहू नये. औषधाच्या ओलाव्याने प्रवाह उलट वाढतो.

आता एक प्रसंग घड्याळ लावून पाहू. समजा तालुक्याच्या गावात संध्याकाळी सात वाजता दोन वर्षांच्या मुलीने रिमोटच्या मागचा सेलचा कप्पा ओढून काढला आणि सेल तोंडात टाकला. सव्वासातला आजीला कप्पा रिकामा दिसला. मुलगी एकदा खोकली, लाळ गळते आहे, बाकी खेळते आहे. इथे ‘खेळते आहे ना, मग काही नाही’ असं म्हणणं चुकीचं आहे, कारण पहिल्या तासात कित्येक मुलांना काहीच होत नाही. सेल कुठेच सापडत नसेल तर तो पोटात गेला असं धरूनच चालावं. उलटी करवू नये, बोट घालू नये, केळं, भात, दूध, पाणी काही देऊ नये. त्याच जातीचा दुसरा सेल किंवा त्याचं पाकीट आणि रिमोट सोबत घ्यावा आणि निघावं. वाहन नसेल तर 108 ला फोन करावा. जवळच्या रुग्णालयात आधी फोन करून विचारायचं ते एवढंच: एक्स-रे आत्ता होईल का, आणि लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने सेल काढण्याची सोय तिथे आहे का. सोय नसेल तर पुढचं रुग्णालय कोणतं, हेही त्याच फोनवर ठरवावं.

निघता निघता एक गोष्ट मात्र देता येते, ती म्हणजे मध. अमेरिकेत डुकराच्या पिल्लांवर केलेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मधाने इजा कमी झाल्याचं दिसलं. मध दाट असल्याने सेल आणि अस्तर यांच्यामध्ये थर धरतो आणि किंचित आम्ल असल्याने अल्काचा जोर मारतो. मूल एक वर्षाच्या वरचं हवं, सेल गिळून बारा तास झालेले नसावेत आणि मुलाला गिळता येत असावं. मग दोन चहाचे चमचे, म्हणजे दहा मिलिलिटर, दर दहा मिनिटांनी, जास्तीत जास्त सहा वेळा. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नये, त्यातून बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो. मधाने सेल निघत नाही, वेळ थोडा लांबतो इतकंच. घरात मध नसेल तर तो आणायला दुकानात थांबू नये, आणि मध मिळाला म्हणून गाडी दहा मिनिटंही उशिरा सुटू नये.

रुग्णालयात एक्स-रेवर गोल सावली दिसली की ‘नाणं आहे, सकाळी काढू’ असं म्हटलं जाण्याचा धोका असतो. समोरून काढलेल्या एक्स-रेत सेलच्या कडेला दुहेरी वर्तुळ दिसतं, नाण्याला एकच कड असते. बाजूने काढलेल्या एक्स-रेत सेलची एक कड पायरीसारखी दिसते. अरुंद बाजू ऋण, आणि ती ज्या दिशेला तोंड करून आहे तिकडे जास्त जळतं: पुढे श्वासनलिका, मागे मणका, आणि जवळूनच जाणारी महारोहिणी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी. म्हणून दोन्ही एक्स-रे मागून घ्यावेत. सेल अन्ननलिकेत असेल तर ‘सहा तास उपाशी ठेवू, मग भूल देऊ’ हा नेहमीचा नियम इथे लावायचा नसतो. तो लगेच काढायचा असतो. सेल जठरात उतरलेला असेल तर थांबायचं की काढायचं हे मुलाचं वय, सेलचा आकार आणि त्रास पाहून डॉक्टर ठरवतात.

याच मुलीला सर्दी-खोकला समजून तीन दिवस सिरप दिलं असतं तर काय झालं असतं? अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यामध्ये भोक पडतं आणि दूध फुप्फुसात जातं. याहून वाईट म्हणजे महारोहिणीपर्यंत मांस जळत जातं. सेल काढला तरी जळलेला भाग नंतर गळून पडतो, त्यामुळे रक्तस्राव तीन-चार आठवड्यांनीही होऊ शकतो. घरी आलेल्या मुलाला उलटीत चमचाभर लाल रक्त दिसलं किंवा काळी डांबरासारखी शी झाली, तर ती मोठ्या रक्तस्रावाची पूर्वसूचना असू शकते. सकाळची वाट न पाहता त्याच क्षणी निघायचं.

कायद्याबद्दल थोडं. आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचं, म्हणजे बीआयएसचं, प्रमाणन सक्तीचं आहे, आणि विजेवरच्या खेळण्यात असे छोटे सेल हत्याराशिवाय हाती लागू नयेत, अशी अट असते. पण रिमोट, वजनकाटा, ग्लुकोमीटर, सजावटीची पणती हे काही खेळणं म्हणून विकलं जात नाही, आणि मुलाला तो फरक कळत नाही. ऑस्ट्रेलियाने जून 2022 पासून बटण सेल असलेल्या सर्वच घरगुती वस्तूंना सुरक्षित कप्पा सक्तीचा केला आणि अमेरिकेत त्याच वर्षी तसा कायदा झाला. कप्पा स्क्रूने बंद असावा किंवा दोन वेगळ्या हालचाली एकाच वेळी केल्याशिवाय उघडू नये, एवढी साधी अट. आपल्या मानक ब्यूरोने ती खेळण्यांच्या बाहेरच्या वस्तूंना लावावी, ही मागणी वाचकांनी आणि ग्राहक पंचायतीने उचलून धरावी.

तोवर घरातल्या प्रत्येक वस्तूचा कप्पा पालथा करून पाहावा. नखाने उघडत असेल तर त्यावर रुंद चिकटपट्टी गुंडाळावी. पणती विकत घेताना तळाशी स्क्रू आहे का हे दुकानातच पाहावं. जुना सेल काढताक्षणी त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून, मुलांचा हात पोचणार नाही अशा बंद डब्यात टाकावा आणि ई-कचऱ्यात द्यावा. नवा सेल बसवताना खाली पडला तर तो सापडेपर्यंत मुलाला जमिनीवर सोडू नये.

आपला,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ, सातारा