केदारकंठच्या हिशेबाबद्दल

प्रिय रवी,

सप्रेम नमस्कार.

केदारकंठच्या ट्रेकचा सगळा खर्च एकत्र करून चौघांत सारखा वाटावा, हे तुझे म्हणणे तुझ्या मोठ्या मनाला शोभणारे असले, तरी मला ते पटलेले नाही. एकूण खर्च ९,६०० रुपये झाला. सरसकट चार भाग केले, तर घरचे बूट, घरचे जॅकेट आणि स्वतःचा तंबू पाठीवर वाहून आणणाऱ्या तुलाच २,४०० रुपये पडतील, म्हणजे मंदारच्या बुटांचे आणि स्नेहाच्या जॅकेटचे भाडे काही अंशी तू भरशील.

म्हणून प्रत्येक रकमेला मी एकच प्रश्न विचारला: ती व्यक्ती आली नसती, तर हा खर्च कमी झाला असता का? सांकरीच्या दुकानातून मंदारने घेतलेल्या बुटांचे ६०० रुपये, स्नेहाच्या जॅकेटचे व गेटर्सचे ८०० आणि माझ्या गेटर्सचे २०० नक्कीच वाचले असते. ते ज्याचे त्याने द्यावेत. वाटाड्याचे मात्र तसे नाही. त्याचे चार दिवसांचे ६,००० रुपये चौघांऐवजी तिघे असतो तरी तेवढेच झाले असते. शिखराच्या दिवशी मंदार तळावरच थांबला, म्हणून एका दिवसाचा वाटा वगळावा असे तो म्हणतो. पण त्याच्या थांबण्याने वाटाड्याने एक रुपयाही कमी घेतला नाही, तेव्हा तो वाटा त्याने द्यायलाच हवा.

भाड्याच्या तंबूवर मी थोडा अडलो. त्यात झोपलो मी आणि मंदार, परंतु तुझ्या तंबूत स्नेहाला फुकट जागा मिळाली ती केवळ तू तो आणलास म्हणून. निवारा सगळ्यांचाच, असे धरून त्याचे १,६०० मी सामायिक खात्यात घातले. वाऱ्याने त्याची काठी मोडली, त्यात कोणाचीच हयगय नव्हती; त्यामुळे दुकानदाराने कापलेले ४०० रुपयेही तिथेच गेले. जॅकेट फाटले असते, तर ते मी स्नेहाच्याच नावावर लिहिले असते.

एक गोष्ट ध्यानात ठेव, कारण गोंधळ नेहमी इथेच होतो. मी दुकानात भरलेली २,००० रुपयांची अनामत हा खर्च नव्हे. त्यातले १,६०० परत मिळाले. खर्च तेवढा त्या ४०० चाच.

तर सामायिक खर्च ८,००० झाला, म्हणजे प्रत्येकी २,०००. त्यात ज्याचे त्याचे भाडे मिळवले की तुझे २,०००, माझे २,२००, मंदारचे २,६०० आणि स्नेहाचे २,८०० होतात. वाटाड्याचे पैसे तू दिलेस, बाकी ३,६०० मी. म्हणून तुला ४,००० आणि मला १,४०० येणे आहे. स्नेहाने तिचे सगळे तुला पाठवावेत. मंदारने तुला १,२०० आणि मला १,४०० द्यावेत. वाटाड्याला तू खुशीने दिलेले बक्षीस मी यात धरलेले नाही; ते वाटून घ्यायचे असेल, तर रक्कम कळव, म्हणजे त्या दोघांना आकडे सांगण्यापूर्वी दुरुस्ती करता येईल.

तुझा,
अनिकेत